कर्ण बाहेर पडला तरी

«बाई, मी देवगडला नववीत शिकते. चौकोनाच्या बाजूंचे मध्यबिंदू क्रमाने जोडले की समांतरभुज चौकोन होतो, ही सिद्धता मला पाठ झाली आहे. पण आकृतीत नसलेला कर्ण एकदम काढायचा हे आपलं आपल्याला सुचावं कसं? आणि चौकोनाचा एक कोपरा आत वळलेला असेल तर कर्ण बाहेर पडतो, मग सिद्धता चालते का? यावरून वर्गात दोन तट पडलेत.»

चौकोनाकडे बघत बसलीस तर कर्ण सुचणार नाही. मध्यबिंदूचं प्रमेय त्रिकोणाचं आहे, तेव्हा आधी त्रिकोण शोधायचा. प्रमेयाचे शब्द जरा सुटे करून बघ. त्रिकोणाच्या दोन बाजूंचे मध्यबिंदू जोडणारा रेषाखंड तिसऱ्या बाजूला समांतर असतो आणि तिच्या निम्म्या लांबीचा असतो. म्हणजे हे प्रमेय वापरायला एकमेकींना भेटणाऱ्या दोन बाजू हव्यात, त्यांचे मध्यबिंदू हवेत आणि तिसरी बाजू हवी.

आता तुझ्या □ABCD मधला एकच रेषाखंड घे, PQ. P हा AB चा मध्यबिंदू, Q हा BC चा. AB आणि BC या बाजू B पाशी भेटतात. दोन बाजू आल्या, मध्यबिंदू आले. तिसरी बाजू कागदावर नाही, पण तिची दोन्ही टोकं आहेत: AB चं मोकळं टोक A आणि BC चं मोकळं टोक C. ती जोड. झाला त्रिकोण. जोडलेल्या रेषेला चौकोनाचा कर्ण म्हणतात हे नंतरचं. तू कर्ण काढायला गेलीच नव्हतीस, त्रिकोणाची हरवलेली बाजू भरून काढायला गेली होतीस.

मग समोरचा रेषाखंड घे, SR. S हा AD चा मध्यबिंदू, R हा CD चा. या बाजू D पाशी भेटतात. त्यांची मोकळी टोकं कोणती? पुन्हा A आणि C. सगळी खुबी इथे आहे. दोन त्रिकोण वेगळे, त्यांच्या बाजू वेगळ्या, उंची वेगळी, पण तिसरी बाजू दोघांची एकच. PQ आणि SR एकमेकांना ओळखतही नाहीत. दोघं AC ला ओळखतात.

माझ्या वर्गात दरवर्षी कोणीतरी P आणि R जोडून त्यावर प्रमेय लावायला जायचं. तिथे ते लागत नाही, कारण AB आणि CD यांना सामाईक शिरोबिंदूच नाही. असं अडलं की स्वतःला विचारायचं, या दोन बाजू कुठे भेटतात? भेटत नसतील तर हात मागे घ्यायचा.

वहीत लिहायचं ते एवढंच:

पक्ष: □ABCD मध्ये P, Q, R, S हे अनुक्रमे AB, BC, CD, AD या बाजूंचे मध्यबिंदू आहेत.
साध्य: □PQRS समांतरभुज चौकोन आहे.
रचना: कर्ण AC काढला.
△ABC मध्ये P, Q हे AB, BC चे मध्यबिंदू, म्हणून PQ ∥ AC आणि PQ = ½ AC … (१)
△ADC मध्ये S, R हे AD, CD चे मध्यबिंदू, म्हणून SR ∥ AC आणि SR = ½ AC … (२)
(१) आणि (२) वरून PQ ∥ SR आणि PQ = SR.
संमुख भुजांची एक जोडी समांतर आणि एकरूप आहे, म्हणून □PQRS समांतरभुज आहे.

पेपर तपासताना दोन जागी हमखास गुण कापावे लागायचे. काही मुलं PQ ∥ SR एवढं लिहून थेट 'म्हणून समांतरभुज' म्हणतात. एकच जोडी समांतर असणं समलंब चौकोनालाही जमतं. 'निम्मा' हा शब्द वापरल्याशिवाय गाडी पुढे जात नाही. काही जण उलट दोन्ही कर्ण काढतात, चारही बाजूंची समांतरता दाखवतात आणि लांबीचं नावही घेत नाहीत. ते बरोबर आहे, पूर्ण आहे, फक्त लांबचा रस्ता आहे. वाईट तिसरा प्रकार: दोन्ही कर्ण काढायचे, निम्मी समांतरता एकाची, निम्मी लांबी दुसऱ्याची, आणि शेवटी हाती काही नाही.

'कोणत्याही' या शब्दावर विश्वास बसावा म्हणून मी मुलांना अंगणात घेऊन जायची. कागदावर चौकोन काढायला सांगितला की मुलं नकळत आयताच्या जवळपास काहीतरी काढतात आणि मग उत्तर तसंच येणार असं वाटतं. सारवलेल्या अंगणात चार खुंट्या, सुंभ आणि मोजायची टेप एवढं पुरतं. माझा नेहमीचा चौकोन असा होता. आधी A आणि C या खुंट्या बरोबर १० मीटरवर ठोकायच्या. मग A पासून ९.०६ मीटर आणि C पासून ७.०७ मीटर अंतरावर B, आणि AC च्या दुसऱ्या अंगाला A पासून ११.७० व C पासून ६.४० मीटरवर D. दोन जणांनी दोन सुंभ ताणून धरायचे, जिथे टोकं भेटतील तिथे खुंटी. एकाही बाजूची लांबी दुसरीशी जुळत नाही, एकही कोन काटकोन नाही. खुंट्या नीट बसल्यात का ते बघायला B ते D मोजायचं. ते १३ मीटर भरायला हवं.

मग प्रत्येक बाजूचा सुंभ दुमडून मधोमध खूण करायची, तो परत जागेवर ताणायचा आणि खुणेखाली लहान खुंटी ठोकायची. चार लहान खुंट्यांभोवती रंगीत सुतळी फिरवली की मुलं मोजतात: PQ ५ मीटर, QR साडेसहा, RS ५, SP साडेसहा. ५ हा १० चा निम्मा, साडेसहा हा १३ चा निम्मा. आतल्या सुतळीची एकूण लांबी २३ मीटर, म्हणजे दोन कर्णांची बेरीज. बाहेरच्या ९.०६, ७.०७ वगैरे आकड्यांचा आत कुठे मागमूस नाही, हे बघून मुलं गप्प व्हायची. आतला चौकोन ठरवतात ते कर्ण.

एका वर्षी हे फसलं, आणि ते फसणं मला पुढे दरवर्षी उपयोगी पडलं. मोजमाप आलं ते असं: QR साडेसहा, RS ५, पण PQ ४ मीटर ८६ सेंटिमीटर आणि SP ६ मीटर ६० सेंटिमीटर. एक मुलगा म्हणाला, बाई, प्रमेय बरोबर नाही. मी म्हटलं, आधी चुकलेल्या दोन बाजूंत सामाईक काय आहे ते सांग. PQ आणि SP, दोघींत P. Q, R, S जागेवर नसते तर QR आणि RS सुद्धा बिघडल्या असत्या. AB वरची खूण पुन्हा मोजली, ती B कडे २० सेंटिमीटर सरकलेली निघाली. सुंभ दुमडताना ज्याने धरला होता त्याने एक बाजू ओढून धरली होती, दुसरी सैल. काथ्याचा सुंभ ताणला की लांबतो, म्हणून दोन्ही टोकं एकाच खुंटीला अडकवून मगच दुमडावा, हे तेव्हापासून माझ्या वहीत लिहिलेलं आहे.

आता तुमच्या तटांकडे येते. याच अंगणात A, B, C जागच्या जागी ठेव आणि फक्त D ची खुंटी उपटून AC च्या अलीकडे, B च्या अंगाला आण: A पासून ६.७१ मीटर, C पासून ३.६१ मीटर. D आता △ABC च्या पोटात आली. चौकोन बाणाच्या टोकासारखा झाला, D चा कोपरा आत वळला, आणि AC पूर्णपणे चौकोनाच्या बाहेर पडला. आता सिद्धता एकेका ओळीने वाच. △ABC मध्ये PQ ∥ AC आणि निम्मा: काही बदललं नाही, कारण हा त्रिकोण आपण हलवलाच नाही. △ADC मध्ये SR ∥ AC आणि निम्मा: त्रिकोण उलट्या अंगाला पडला, पण तो त्रिकोणच आहे. AC चौकोनाच्या आत आहे असं कोणत्या ओळीत म्हटलं आहे? कुठेच नाही. 'आत' हा शब्द आकृतीतून आपल्या डोळ्यात शिरला, सिद्धतेत नव्हता.

तरीही जो तट 'चालत नाही' म्हणतोय त्याच्याकडे धरण्यासारखा एक मुद्दा आहे. 'एक जोडी समांतर आणि एकरूप म्हणून समांतरभुज' या कसोटीत एक न बोललेली अट असते: ते दोन रेषाखंड एकाच रेषेवर पडलेले नसावेत. नाहीतर चौकोन चपटा होऊन नुसती रेघ उरेल. PQ हा AC पासून B च्या निम्म्या उंचीवर असतो आणि SR हा D च्या निम्म्या उंचीवर. B आणि D दोन अंगांना असतील तर PQ आणि SR एका रेषेवर येण्याचा प्रश्न नाही. D आत वळली की दोघं एकाच अंगाला येतात आणि तेव्हा उंची सारखी नाही ना हे बघावं लागतं. पण D जर △ABC च्या आत आहे, तर ती AC ला B पेक्षा जवळच असणार. उंची वेगळी, रेषा वेगळ्या, काम झालं. उंची अगदी सारखी यायला BD ही AC ला समांतर व्हावी लागते, आणि B, D एकाच अंगाला असताना तसं झालं तर चौकोनाच्या दोन बाजू एकमेकींना छेदतात. तशा आकृतीला तुझं पुस्तक चौकोन म्हणत नाही.

परीक्षेत एवढी चर्चा नको असेल तर एक सोपी वाट आहे. एक कोपरा आत वळलेल्या चौकोनाचा एकच कर्ण बाहेर पडतो; आत वळलेल्या कोपऱ्यातून निघणारा दुसरा कर्ण आतच असतो. इथे तो BD. तो काढ, △ABD आणि △CBD घे, PS आणि QR हे BD ला समांतर आणि निम्मे दाखव. A आणि C दोन अंगांना असल्यामुळे चपटेपणाची शंकाही उरत नाही. म्हणजे एका तटाला AC ने, दुसऱ्याला BD ने गप्प करता येईल.

त्या बाणासारख्या चौकोनात BD मोजलंस तर ५ मीटर भरेल. म्हणून आत PQ आणि SR पाच-पाच मीटर, QR आणि SP अडीच-अडीच. पण तिथे गुण्या लावून बघ, म्हणजे गवंडी काटकोन तपासतात तो. चारही कोपरे काटकोनात निघतात! असल्या बेढब बाहेरच्या आकारात आत आयत बसलेला बघून माझ्या एका विद्यार्थिनीने मला, बाई, तुम्ही मुद्दाम केलंत, असं सरळ सुनावलं होतं. केलंच होतं. D ची ती जागा मी अशी निवडली की BD रेषा AC ला काटकोनात जावी. आतल्या बाजू कर्णांना समांतर, म्हणून कर्णांमधला कोन जसाच्या तसा आतल्या चौकोनात उतरतो. कर्ण परस्परांना लंब असतील तर आत आयत, कर्ण सारख्या लांबीचे असतील तर आत समभुज चौकोन, दोन्ही असेल तर चौरस. आयताच्या मध्यबिंदूंतून समभुज चौकोन निघतो आणि समभुज चौकोनाच्या मध्यबिंदूंतून आयत, हे पुस्तकातलं उदाहरणही यातच बसतं. आयताचे कर्ण सारखे असतात आणि समभुजाचे लंब, बस.

हा निष्कर्ष पिएर व्हारिन्यों या फ्रेंच गणितज्ञाच्या नावाने ओळखला जातो. तो १७२२ साली वारला आणि हे त्याच्या पुस्तकात छापून आलं ते १७३१ साली. चौकोनासारख्या जुन्या आकृतीबद्दलची इतकी सोपी गोष्ट इतकी उशिरा छापली जावी याचं मला अजून नवल वाटतं.

आणि तट पाडायचेच असतील तर याहून चांगला प्रश्न देते. चौकोन सपाट जमिनीवर नसेलच तर? तुमच्याकडे वाडीत चार माड सापडतील, फार लांब नसलेले. चारही बुंध्यांना वेगवेगळ्या उंचीवर दोरा बांध: एकाला कमरेएवढ्या, पुढच्याला डोक्याएवढ्या, तिसऱ्याला गुडघ्याशी, चौथ्याला खांद्याशी. चार बाजूंचा हा चौकोन हवेत पिळवटलेला असतो, कोणत्याही एका फळीवर बसणार नाही. त्याच्या बाजूंच्या मधोमध चिंध्या बांधून त्या जोडल्या, तर? सिद्धता पुन्हा वाच. △ABC आपल्या पातळीत आहे, तिथे PQ ∥ AC. △ADC दुसऱ्या पातळीत आहे, तिथे SR ∥ AC. एकाच रेषेला समांतर असलेल्या दोन रेषा एकमेकींना समांतर असतात, मग त्या दोन वेगळ्या पातळ्यांत का असेनात. आणि दोन समांतर रेषा एका पातळीत बसतातच. म्हणजे बाहेरचा चौकोन पिळवटलेला, आतला सपाट समांतरभुज. सिद्धतेतला एक शब्द बदलावा लागला नाही.

हे करताना सुंभ वापरू नकोस. तो जड, मध्ये झोळ पडतो, आणि झोळ पडला की मध्यबिंदू खाली उतरतो. गळाचा तंगूस घे आणि तो कडक ताण. मधोमध मापून चिंधी बांध. चिंध्यांमधून फिरवायची रंगीत सुतळी मात्र हलकी आणि जेमतेम ताठ ठेव. जोर लावलास तर तीच बाहेरचे दोरे आत ओढून वाकवेल आणि मग कोणतंही प्रमेय तुझ्या मदतीला येणार नाही. सगळं बांधून झालं की थोडं लांब जाऊन उभी राहा, एक डोळा मीट आणि हळूहळू वाक किंवा टाचा उचल. डोळा सुतळ्यांच्या पातळीत आला की एका क्षणी चारही सुतळ्या मिळून एकच सरळ रेघ दिसते. दिसली नाही तर आधी चिंध्या मोज, कोणती तरी एक सरकली असेल.